ढोलीतून घुबड कसं बाहेर येतं? हालचाल सांगण्याच्या दोन तऱ्हा

मर्सर मेयर या अमेरिकी चित्रकाराचं 1969 सालचं एक चित्रपुस्तक आहे. लहान मुलांसाठी काढलेलं, पण आत एकही वाक्य नाही. एका मुलाने बरणीत ठेवलेला बेडूक रात्री पळून जातो आणि सकाळी मुलगा व त्याचा कुत्रा त्याला शोधायला रानात निघतात. एका चित्रात मुलगा झाडावर चढून ढोलीत डोकावतो आहे. पुढच्या चित्रात ढोलीच्या तोंडाशी पंख पसरलेलं घुबड आहे आणि मुलगा खाली जमिनीवर आडवा पडलेला आहे. दोन चित्रांच्या मध्ये काय घडलं ते कागदावर नाही. ते गोष्ट सांगणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं.

भाषावैज्ञानिकांनी हे पुस्तक जगभरच्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या हातात दिलं आणि "आता गोष्ट सांगा" म्हणून त्यांचं बोलणं टिपून घेतलं. या कामात बर्कली विद्यापीठाचे डॅन स्लोबिन आणि तेल अवीवच्या रूथ बर्मन हे दोघे पुढे होते. घुबडाच्या चित्रापाशी स्लोबिन यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की, हिब्रू बोलणारे जवळजवळ सगळेच "घुबड बाहेर आलं" किंवा "निघालं" एवढंच सांगत होते. इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी घुबड बाहेर "उडालं" किंवा तशाच अर्थाचं क्रियापद वापरलं. आणि रशियन बोलणाऱ्यांनी? सगळ्यांनीच.

चित्र सगळ्यांसमोर एकच होतं. घुबड पंखांनी बाहेर आलं हे सगळ्यांनाच दिसत होतं, मग काहींनी ते सांगितलं आणि काहींनी का नाही? या लेखात तेवढंच उलगडायचं आहे, आणि त्यात आपली मराठी कुठे बसते तेही. मराठीचं प्रकरण मला सगळ्यात रोचक वाटतं, कारण ती वरवर एका गटात बसते आणि जवळून पाहिलं की जागोजागी त्या गटाच्या कडा ओलांडते.

या विषयाची मांडणी लेनर्ड टाल्मी यांची. 1972 मध्ये त्यांनी बर्कलीला पीएचडी केली, ती उत्तर कॅलिफोर्नियातल्या अत्सुगेवी या मूळ रहिवाशांच्या भाषेवर. त्या भाषेत क्रियापदाचा धातूच मुळी कोणती वस्तू हलते आहे ते सांगतो. चिखल, शेण, सडके टोमॅटो असं काही बुळबुळीत हललं तर एक धातू. गारेसारखं, डोळ्याच्या बुबुळासारखं छोटं चकचकीत गोल काही हललं तर दुसरा. हे पाहिल्यावर साहजिकच प्रश्न येतो की बाकीच्या भाषा आपल्या क्रियापदात काय भरतात.

टाल्मींनी हालचालीचे भाग पाडले, त्यांतले चार इथे कामाचे. हलणारी वस्तू, ती कशाच्या संदर्भात हलते ते स्थळ, तिचा मार्ग, म्हणजे आत, बाहेर, वर, खाली, पलीकडे, आणि हलण्याची रीत, म्हणजे चालत, धावत, रांगत, तरंगत. त्यांचं नेहमीचं उदाहरण पाण्यावरच्या बाटलीचं आहे. इंग्रजीत म्हणतात, "द बॉटल फ्लोटेड इनटू द केव्ह." इथे क्रियापद "फ्लोट", म्हणजे रीत. मार्ग सांगायचं काम "इनटू" या छोट्या शब्दाने केलं. स्पॅनिशमध्ये म्हणतात, "ला बोतेया एंत्रो आ ला क्वेवा फ्लोतांदो." क्रियापद "एंत्रो", म्हणजे शिरली. मार्ग क्रियापदातच आला. तरंगण्याची बाब "फ्लोतांदो" या शब्दात शेवटी आली आणि ती गाळली तरी वाक्य पुरं होतं.

मार्ग मुख्य क्रियापदात भरणाऱ्या भाषांना व्हर्ब-फ्रेम्ड म्हणतात. आपण क्रियापद-गट म्हणू. मार्ग क्रियापदाच्या भोवती फिरणाऱ्या छोट्या शब्दावर किंवा उपसर्गावर सोपवणाऱ्या भाषा सॅटेलाइट-फ्रेम्ड, म्हणजे उपग्रह-गट. स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की, जपानी, हिब्रू पहिल्या गटात. इंग्रजी, जर्मन, डच, रशियन दुसऱ्या गटात. गट ठरवताना पाहायचं ते इतकंच, की मार्ग कुठे ठेवला आहे. रीतीला जी जागा मिळते ती मार्गाने व्यापलेल्या जागेवरून आपोआप ठरते.

आता बाटलीचं वाक्य मराठीत म्हणून पाहा. "बाटली तरंगत गुहेत शिरली." स्पॅनिशसारखंच झालं. शिरणे हे मुख्य क्रियापद, आणि तरंगणं "-त" लावून बाजूला बसवलेलं. आपल्याकडे मार्गाची क्रियापदं भरपूर आहेत: शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, वळणे, परतणे, पोहोचणे. "तो लंगडत जिना उतरला" यातलं "लंगडत" काढा. "तो जिना उतरला", काही अडलं नाही. उलट "उतरला" काढून "तो लंगडला" म्हणा. मार्ग सगळाच गेला. कुठल्याही भाषेचं वाक्य तपासायला ही काटछाट कामाला येते.

पण मराठीला हे असं का करावं लागतं, याचं एक कारण क्रियापदात नाही, तर नामाच्या मागे लागणाऱ्या प्रत्ययात आहे. "ती खोलीत गेली" आणि "ती खोलीत नाचली" ही वाक्यं शेजारी ठेवा. दोन्हीकडे "खोलीत" तेच आहे. पहिल्या वाक्यात ती बाहेर होती आणि आत गेली. दुसऱ्यात ती आधीपासूनच आत आहे आणि तिथेच नाचते आहे. सप्तमीचा "-त" जागा सांगतो, पण तिथे पोहोचलो की तिथेच होतो हे सांगत नाही. ते क्रियापदाने सांगायचं. "-तून" या प्रत्ययाचंही तसंच. "गाडी बोगद्यातून गेली" म्हणजे आरपार. "गाडी बोगद्यातून निघाली" म्हणजे आतून बाहेर. प्रत्यय एकच, पण मार्ग दोन. त्यामुळे मार्गाचा भार मराठीत क्रियापदाच्याच खांद्यावर येतो. इंग्रजीत "इन" आणि "इनटू" हे दोन वेगळे शब्द बराचसा भार उचलतात, म्हणून तिथलं क्रियापद रीत सांगायला मोकळं राहतं.

म्हणूनच "शी डान्स्ड इनटू द रूम" या साध्या इंग्रजी वाक्याचं "ती खोलीत नाचली" होत नाही. "ती नाचत खोलीत आली" असंच म्हणावं लागतं. "बाळ खोलीत रांगलं" म्हणजे खोलीतल्या खोलीत रांगलं. बाहेरून आलं असेल तर "रांगत खोलीत आलं". पण "बाळ दारापर्यंत रांगलं" हे मात्र ठीक वाटतं. "तो टेकडीपर्यंत धावला" यातही काही खटकत नाही. मग अडतं नेमकं कुठे?

स्पॅनिशमधली हीच अडचण 1989 मध्ये जॉन आस्के यांनी पुढे आणली आणि पुढे स्लोबिन व हॉइटिंग यांनी तिला नेमकं रूप दिलं. अडतं ते सीमा ओलांडताना. दार, उंबरठा, पाण्याचा पृष्ठभाग, गुहेचं तोंड, अशी एखादी रेषा पार होते तेव्हा क्रियापद-गटाच्या भाषा मार्गाचं क्रियापद मागतात. सीमेच्या अलीकडेच राहणारी हालचाल असेल, कुठल्या तरी दिशेने किंवा कुठपर्यंत, तर रीतीचं क्रियापद एकटं चालतं. स्पॅनिशमध्येही "घरापर्यंत धावला" चालतं. "घरात धावला" म्हणून आत शिरल्याचा अर्थ काढता येत नाही. मला ही अट फार बोलकी वाटते. घर तेच आणि धावणारा माणूसही तोच. उंबरठा मध्ये आला की व्याकरण बदलतं.

मराठी कान लावून ऐकणाऱ्याला इथे लगेच शंका येईल. "पाऊस आला तशी मुलं घरात पळाली" हे तर आपण रोज म्हणतो. "हाक ऐकून आई बाहेर धावली" हेही. इथे उंबरठा ओलांडला आणि मार्गाचं क्रियापद नाही. ही शंका बरोबर आहे. मराठीत रीतीची सगळी क्रियापदं सारखी वागत नाहीत. नाचणे, तरंगणे, रांगणे, पोहणे, लंगडणे ही क्रियापदं सीमेपाशी अडतात. पळणे आणि धावणे घाईच्या प्रसंगी ती पार करतात. पळणे या क्रियापदात निसटण्याचा, दूर जाण्याचा अर्थ मुळातच मुरलेला आहे, म्हणजे थोडा मार्ग आधीच त्याच्या पोटात आहे. नाचण्यात तसा कुठलाच मार्ग नाही. माणूस एका जागी तासभर नाचू शकतो.

दुसरी सूट क्षणात उरकणाऱ्या कृतींना आहे. "बेडकाने तळ्यात उडी मारली" यात पाण्याची सीमा स्पष्ट पार झाली, आणि वाक्य अस्सल मराठी आहे. उडी ही एका क्षणाची गोष्ट आहे, आणि तो क्षण म्हणजेच सीमा ओलांडण्याचा क्षण. आता तीच उडी अनेकवचनी करा: "बेडकाने तळ्यात उड्या मारल्या." लगेच बेडूक आधीपासून तळ्यातच असावा असं वाटू लागतं. क्रिया लांबली, ती "चालू असलेली गोष्ट" झाली, आणि सीमेशी तिची गाठ सुटली. स्पॅनिशच्या अभ्यासातही हेच सांगितलं जातं की झटक्याची क्रियापदं अशी सीमा ओलांडतात.

आतापर्यंत रीतीसाठी "-त" आला: धावत, रांगत, तरंगत. पण मराठीत दुसराही एक प्रत्यय शेजारी उभा आहे, "-ऊन", आणि तो लावला की चित्र पार बदलतं. "चिमणी उडत गेली" म्हणजे जाताना ती उडत होती. "चिमणी उडून गेली" म्हणजे ती इथून गेली, आता नाही. "तो पळत गेला" यात घाई आहे. "तो पळून गेला" यात घरच्यांना न सांगता जाणं आहे. "शिपाई चालत आले" म्हणजे वाहन नव्हतं. "शत्रू चालून आला" म्हणजे हल्ला झाला. कपडे नदीत "वाहत गेले" तर ते अजून दिसत असतील, "वाहून गेले" तर हातचे गेले.

"-त" दोन गोष्टी एकाच वेळी चालू असल्याचं सांगतो. "-ऊन" एरवी आधीची पूर्ण झालेली क्रिया सांगतो, "जेवून आला" मध्ये जसा. पण हालचालीच्या क्रियापदांपाशी आला की तो दोन क्रियापदांना एकजीव करतो, आणि मग प्रश्न पडतो की "उडून गेली" मध्ये मुख्य क्रियापद कोणतं? "मी थकून गेलो", "कपडे भिजून गेले", "भिंतीचा रंग उडून गेला" यांतलं "गेलो, गेले, गेला" कुठेच जात नाही; ते फक्त क्रिया पुरी झाल्याचं दाखवतं. चिमणीच्या वाक्यातलं "गेली"ही तसंच असेल, तर मुख्य क्रियापद "उड" ठरतं, म्हणजे रीत. आणि मार्ग, म्हणजे दूर जाणं, त्याला चिकटलेल्या दुय्यम "जा"कडे गेला. हे तर इंग्रजीच्या "फ्ल्यू अवे"सारखं झालं!

इथे नकार घालून पाहावा. "मी थकून गेलो नाही" हे कानाला खटकतं. आपण "मी थकलो नाही" म्हणतो. पण "चिमणी उडून गेली नाही, फांदीवरच बसून राहिली" हे सहज येतं. म्हणजे चिमणीच्या वाक्यातल्या "जा"मध्ये अजून खरं जाणं शिल्लक आहे. ते निव्वळ पूर्णतादर्शक झालेलं नाही, आणि पूर्ण स्वतंत्रही राहिलेलं नाही. मँडरिन चिनी आणि थाई भाषांत अशी क्रियापदांची जोडी किंवा साखळी हा हालचाल सांगायचा मुख्य रस्ताच आहे: "उड-निघ-ये" अशी क्रियापदं लागोपाठ, कुणीच दुय्यम नाही. त्या भाषा टाल्मींच्या दोन्ही गटांत नीट बसेनात, म्हणून स्लोबिन यांनी त्यांच्यासाठी तिसरा गट सुचवला, जिथे मार्ग आणि रीत यांना सारखंच वजन असतं. घुबडाच्या चित्रातही या भाषांचे आकडे स्पॅनिश आणि रशियन यांच्या मधले आले. मराठीचा एक पाय या तिसऱ्या गटात आहे असं म्हणायला माझी हरकत नाही, पण फक्त "-ऊन"च्या रचनेपुरतं.

"बाहेर पडणे" हेही असंच एक टोक. पडणे म्हणजे वरून खाली येणं, पण "सकाळी सातला घराबाहेर पडलो" यात कुणी पडत नाही. बाहेर जाण्याचा सगळा अर्थ "बाहेर" या शब्दात आहे आणि क्रियापद नुसतं आधाराला उभं आहे. उपग्रह-गटाची ही तंतोतंत रीत. भाषेचा गट सांगताना "साधारणपणे", "नेहमीच्या बोलण्यात" हे शब्द वापरावे लागतात ते यामुळे. स्वतः टाल्मींनीही तेच म्हटलं होतं: सहज, वारंवार आणि सगळीकडे वापरली जाणारी रचना कोणती ते पाहायचं.

मराठी नेहमी अशीच होती का? तिची पूर्वज संस्कृत बरीचशी दुसऱ्या गटातली होती. एकच गम् धातू घ्या आणि पुढे उपसर्ग लावत जा: आगच्छति, निर्गच्छति, उद्गच्छति. मार्ग उपसर्गात आहे, म्हणून धातूच्या जागी रीतही येऊ शकते: उत्पतति म्हणजे उडून वर जातो, अनुधावति म्हणजे मागे धावतो. हे रशियनच्या किंवा जर्मनच्या किती जवळचं आहे पाहा. मग शतकानुशतकांच्या उच्चारात उपसर्ग आणि धातू एकमेकांत विरघळले. "प्र" आणि "विश्" मिळून "प्रविशति", त्याचं जुन्या मराठीत झालं "पैसणे", म्हणजे शिरणे. "उप" आणि "विश्" मिळून "उपविशति", त्याचं झालं "बैसणे", आजचं बसणे. बोलणाऱ्याला आता आतला सांधा दिसत नाही, त्यामुळे तो "प्र" किंवा "उप" सुटा काढून दुसऱ्या क्रियापदाला लावू शकत नाही. उपग्रह क्रियापदाने गिळला आणि भाषा गट बदलून बसली. लॅटिनचं हेच झालं. लॅटिनमध्ये "एवोलारे" म्हणजे उडून बाहेर जाणं, एका शब्दात. तिच्या पोटी आलेल्या स्पॅनिशमध्ये आज "सालीर वोलांदो", उडत निघणे. आणि इटालियनचं "उशीरे", म्हणजे बाहेर पडणे, हे लॅटिनच्या "एक्स-ईरे"चं सांधा पुसलेलं रूप आहे, आपल्या "पैसणे"सारखंच.

रशियनमध्ये हा सांधा आजही ठसठशीत आहे, आणि सगळ्या रशियन निवेदकांनी घुबडाचं उडणंच का सांगितलं याचं उत्तर तिथे आहे. त्यांच्या वाक्यातलं "वीलेतेला" हे क्रियापद म्हणजे "वी", बाहेर, अधिक "लेतेला", उडालं. इंग्रजीतही "फ्ल्यू आउट" म्हणता येतं, पण तिथे "केम आउट" हा सोपा पर्याय हाताशी असतो आणि बहुतेकांनी रीत न सांगणारे असेच पर्याय घेतले. जर्मन आणि डचमध्ये तर रीत सांगणारे पाचांत एकही भरले नाहीत. रशियनमध्ये जाण्यायेण्याचं सगळ्यात साधं क्रियापद पायी जाण्याचं आहे. वाहनाने जायचं तर वेगळं, उडत जायचं तर वेगळं. घुबड पायी बाहेर येत नाही, म्हणून उडण्याचं क्रियापद घ्यावंच लागतं. म्हणजे एकाच गटातल्या रशियन आणि जर्मनमध्येही केवढं अंतर. गटाचं नाव कळल्याने निम्मंच कोडं सुटतं. उरलेलं भाषेच्या हाताशी कोणते स्वस्त पर्याय आहेत त्यावर ठरतं.

"क्रियापद-गटाच्या भाषा रीतीच्या बाबतीत गरीब" असं एक सरसकट विधान यावरून केलं जातं. ते मला पटत नाही, आणि मराठी हा त्याला सरळ उत्तर देणारा पुरावा आहे. उंदीर सुळकन बिळात शिरतो. चिमणी भुर्रकन उडून जाते. बाळ दुडुदुडु धावत येतं, कोंबडीची पिल्लं तुरुतुरु चालतात, चेंडू टणाटण उड्या घेत जिन्यावरून खाली येतो. रीत इथे काठोकाठ आहे, फक्त ती क्रियापदात राहत नाही, ध्वनीची नक्कल करणाऱ्या किंवा वेगाचा ठसा देणाऱ्या शब्दात राहते. जपानी आणि बास्क या भाषाही क्रियापद-गटातल्या, आणि त्यांच्याकडेही अशा शब्दांचं भांडार आहे. फरक इतकाच की हे शब्द ऐच्छिक आहेत. "सुळकन" म्हणायचं की नाही हे बोलणारा ठरवतो. इंग्रजी क्रियापद निवडताना मात्र ते आपसूक ठरून जातं.

याचा चटका बसतो भाषांतर करणाऱ्याला. समजा इंग्रजी कथेत असं वाक्य आलं: "शी टिपटोड डाउन द स्टेअर्स, अक्रॉस द हॉल अँड आउट इनटू द गार्डन." क्रियापद एकच, चवड्यांवर चालण्याचं, त्याला मार्गाचे तुकडे एकामागून एक जोडलेले. मराठीत प्रत्येक सीमेला स्वतःचं क्रियापद हवं, म्हणून वाक्य असं होतं: "ती चवड्यांवर चालत जिना उतरली, तिने दिवाणखाना ओलांडला आणि ती बाहेर बागेत आली." मार्ग सगळा आला, पण "चवड्यांवर चालत" हे फक्त जिन्याला चिकटलं. वाचणाऱ्याला वाटेल की दिवाणखान्यात ती नेहमीसारखी चालली. प्रत्येक तुकड्याला "चवड्यांवर" लावलं तर वाक्य जड होऊन मरतं. यावर उपाय "-ऊन"ची साखळी: "पाय न वाजवता ती जिना उतरून, दिवाणखाना ओलांडून बागेत आली." आता एकच मुख्य क्रियापद शेवटी आहे आणि "पाय न वाजवता" त्या सगळ्या साखळीवर पसरलं. शिवाय मूळ वाक्याने न विचारलेला एक प्रश्न मराठीने विचारला: आली की गेली? आपण बागेत उभे राहून तिला पाहतो आहोत की घरात राहून? इंग्रजीत ते मोकळं ठेवता आलं होतं; इथे निवड करावी लागते.

स्लोबिन यांनी इंग्रजी कादंबऱ्यांची स्पॅनिश भाषांतरं तपासली, तेव्हा मूळातली जवळपास निम्मी रीत भाषांतरात उतरली नव्हती. भाषांतरकार निष्काळजी होते असं नाही. जे वाक्य इंग्रजीत एका दमात येतं, ते स्पॅनिशमध्ये सगळ्या तपशिलांसह लिहिलं की त्या तपशिलावर नको इतका भर पडतो. कुणी साधं चालत आलं तरी "चालत आला" म्हटलं की मराठी वाचक विचारतो, का, गाडी नव्हती का? म्हणून गाळणंच कधीकधी जास्त इमानदार ठरतं.

आता शेवटचा आणि सगळ्यात जास्त ताणला गेलेला प्रश्न. वेगळी वाक्यं बोलणारे लोक हालचाल पाहतातही वेगळी का? 2008 मध्ये ॲना पापाफ्रागू, जस्टिन हल्बर्ट आणि जॉन ट्रूझवेल यांनी इंग्रजी आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. मार्ग क्रियापदात भरण्यात ग्रीक ही बरीचशी स्पॅनिशसारखी. पडद्यावर छोटी चलचित्रं दाखवली, जशी की एक माणूस स्केट्सवर घसरत बर्फाच्या बाहुल्याकडे जातो आहे. स्केट्सकडे नजर गेली तर रीत पाहिली, बाहुल्याकडे गेली तर मार्गाचं टोक पाहिलं, असा सरळ हिशोब.

ज्यांना "पाहून झाल्यावर वर्णन करा" असं सांगितलं होतं, त्यांच्या नजरा सुरुवातीलाच फुटल्या. प्रत्येक गट आपल्या क्रियापदाला लागणारा तपशील आधी टिपत होता: ग्रीक बोलणारे मार्गाचं टोक, इंग्रजी बोलणारे रीत. बोलायची तयारी डोळ्यांपर्यंत पोहोचली होती. स्लोबिन याला बोलण्यासाठीचा विचार म्हणतात, आणि इथे तो मोजता आला. पण ज्यांना वर्णन करायचं नव्हतं, फक्त पाहून लक्षात ठेवायचं होतं, त्यांच्या नजरा हालचाल चालू असेपर्यंत दोन्ही भाषांत सारख्याच फिरल्या. आणि हालचाल थांबल्यावर, चित्र पडद्यावर स्थिर असताना, गंमत झाली. दोन्ही गट आपापल्या क्रियापदात न मावणाऱ्या तपशिलाकडे वळले. ग्रीक बोलणारे रीतीकडे पाहू लागले, इंग्रजी बोलणारे मार्गाच्या टोकाकडे. क्रियापदाने धरून ठेवलेली गोष्ट लक्षात राहणारच होती. ते डोळ्यांनी उरलेली गोष्ट गोळा करत होते, असा याचा अर्थ लावता येतो.

भाषा माणसाची नजर बांधून टाकते हे मत यापुढे टिकवणं मला अवघड वाटतं. बोलायच्या आधीच्या त्या एकदोन सेकंदांत मात्र तिचा हात स्पष्ट दिसतो.